द्राक्षाचे पैसे आणि कोठडीचा प्रश्न

निफाड तालुक्यातला एक शेतकरी चार वर्षं एकाच व्यापाऱ्याला द्राक्षं देतो. दर वर्षी थोडे पैसे रोख मिळतात, उरलेले महिन्या-दोन महिन्यांत. पाचव्या हंगामात सहा लाख रुपये थकतात. व्यापारी आज देतो, उद्या देतो म्हणतो. शेवटी शेतकरी फिर्याद देतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. 2 मार्चला संध्याकाळी सात वाजता पोलीस व्यापाऱ्याला अटक करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करून सात दिवसांची पोलीस कोठडी मागतात.

“तुम्ही त्या खुर्चीत आहात. काय आदेश कराल?”

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदाच्या मुलाखतीला 50 गुण असतात. तिच्या तयारीसाठी आम्ही काही वकील मंडळी उमेदवारांच्या सराव मुलाखती घेतो, त्यात हे प्रकरण मी आवर्जून विचारतो. कलमांचे आकडे बहुतेकांना पाठ असतात. गोंधळ होतो तो कोणत्या टप्प्यावर कोणी काय पाहायचं यात. अगदी हुशार मुलगीसुद्धा पहिल्या झटक्यात सांगते, “सर, हा पैशाच्या व्यवहाराचा वाद आहे, गुन्हाच होत नाही, म्हणून मी कोठडी नाकारीन.” निष्कर्ष कदाचित बरोबर निघेल, पण तिथे जायची वाट चुकली. गुन्हा टिकतो की नाही हे ठरवून तो रद्द करण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना नाही. तो उच्च न्यायालयाचा आहे.

म्हणून तिला मागे नेतो, अटकेपाशी. या गुन्ह्याला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35 सांगतं, की अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लिहून ठेवायचं: आरोपी पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील, बोलावल्यावर हजर राहणार नाही, किंवा योग्य तपासासाठी तो ताब्यात हवा. असं कारण नसेल तर नोटीस द्यायची, आणि माणूस नोटिशीप्रमाणे हजर राहत असेल तर त्याला मोकळं ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात हे इतकं स्पष्ट केलं, की कारणं न नोंदवता कोठडी देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यावरही खातेनिहाय कारवाई होऊ शकते असं बजावलं. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याने हे वाक्य स्वतःला उद्देशून आहे असंच वाचावं.

आता रिमांड रिपोर्ट हातात घ्या. त्यात लिहिलंय, “आरोपीकडे सखोल तपास करणे आहे, रक्कम हस्तगत करणे आहे, पळून जाण्याची शक्यता आहे.” हाच मजकूर, नाव बदलून, कोणत्याही आरोपीला लागू पडेल. या व्यापाऱ्याचं दुकान गावातच आहे, घर गावातच आहे, हिशेबाच्या वह्या पोलिसांनी आधीच जप्त केल्यात. मग पळून जाईल हे कशावरून? पुढचा प्रश्न: अटकेची कारणं त्याला लेखी दिली होती का, त्याला समजणाऱ्या भाषेत? मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नोव्हेंबर 2025 च्या निकालाने ही अट सर्वच गुन्ह्यांना लागू केली. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडायला हवा. तसं झालं नसेल तर ती अटक आणि त्यावरची कोठडी, दोन्ही बेकायदा ठरतात.

इथवर नीट आलेल्या उमेदवाराला तारखा विचारतो, कारण खरी घसरण तिथे होते. चोवीस तासांची मर्यादा अटकेपासून मोजायची, प्रवासाचा वेळ वगळून. 2 मार्चच्या सात वाजल्यापासून 3 मार्चची दुपार, म्हणजे पोलीस मुदतीत आहेत. पण आरोपपत्राची मुदत अटकेपासून मोजत नाहीत, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून मोजतात आणि तो दिवस धरतात. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या या गुन्ह्यात ती 60 दिवसांची आहे. मार्चचे 29, एप्रिलचे 30, आणि 1 मे हा साठावा. तोवर आरोपपत्र आलं नाही आणि आरोपी अजून कोठडीत असेल, तर 2 मेला तो जामीन हक्काने मागू शकतो. पुरावा किती भक्कम आहे याचा तिथे संबंध नसतो.

पोलीस कोठडीचं गणित निराळं आहे. ती एकूण पंधराच दिवस मिळते. जुन्या कायद्यात ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 187 प्रमाणे या गुन्ह्यात ती पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. माझ्या मते हा बदल आरोपीला जाचक आहे: न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस महिन्याभराने पुन्हा पोलीस ठाण्यात येऊ शकतो. म्हणूनच नव्याने कोठडी मागताना नवं काय निष्पन्न झालं, हे केस डायरीत शोधायची सवय उमेदवाराला लागायला हवी.

आता व्यापारी मुंबईला उच्च न्यायालयात जातो आणि कलम 528 खाली गुन्हा रद्द करण्याची मागणी करतो. इथे सगळे एका सुरात म्हणतात, “भजनलाल!” हरियाणाच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करता येईल अशा सात प्रकारच्या परिस्थिती सांगितल्या. मी विचारतो, “मग भजनलाल यांच्यावरचा गुन्हा रद्द झाला का?” बरेच जण हो म्हणतात. प्रत्यक्षात उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. तपास सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याला रीतसर अधिकार नव्हता, म्हणून तेवढा तपास बाजूला ठेवला. सात परिस्थिती सांगणाऱ्या न्यायालयानेच हा अधिकार क्वचित आणि जपून वापरायचा, असंही म्हटलं.

उच्च न्यायालय पाहतं ते एवढंच: फिर्यादीतला शब्दन् शब्द खरा धरला तरी गुन्हा होतो का? फसवणुकीला सुरुवातीपासूनच खोटा हेतू लागतो. हृदयरंजन वर्मा प्रकरणात 2000 साली सांगितलेला हाच फरक आहे: आधी दिलेलं वचन पुढे मोडलं, म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. चार हंगाम पैसे दिले, पाचव्यात थकले, असं फिर्यादीतच लिहिलं असेल, तर सुरुवातीचा खोटा हेतू कुठे दिसतो? शेतकऱ्याचे सहा लाख खरे आहेत, त्याचं नुकसान खरं आहे, पण त्याची वाट दिवाणी न्यायालयातून जाते. उमेदवाराने हे सांगताना शेतकऱ्याला खोटारडा ठरवू नये.

मग एकच तपशील बदलतो. हा व्यापारी याच हंगामात पहिल्यांदा गावात आला. माल उचलताना त्याने चेक दिला, तो आधीच बंद केलेल्या खात्याचा. आठ दिवसांत गाळ्याला कुलूप, फोन बंद, आणि शेजारच्या गावांतले आणखी शेतकरी तेच सांगतायत. आता माल उचलण्याच्या क्षणीच पैसे देण्याचा इरादा नव्हता, असं फिर्यादीवरून दिसतं. उच्च न्यायालय हात घालणार नाही. पोलिसांचं “पळून जाईल” हे वाक्यही आता साचेबंद राहत नाही, कुलूप लावलेला गाळा त्याला आधार देतो. बंद खात्याचा तपास आणि मालाचा पुढचा प्रवास शोधण्यासाठी काही दिवसांची पोलीस कोठडी समर्थनीय ठरते, मात्र कारणं लेखी दिलेली असली तरच.

“आणि ती दिलेली नसली, तर?” पॅनेलवरचे दुसरे सदस्य विचारतात. उमेदवार थोडी थांबते. गाळ्याचं कुलूप, बुडालेले शेतकरी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे असतं. “सर, सोडावं लागेल. पोलिसांनी कारणं लेखी देऊन पुन्हा अर्ज करावा, तो मी तातडीने ऐकेन.”