लेकरासोबत छोटी गुढी करताय? ती पडू नये म्हणून काय करायचं?

गुढीपाडव्याला दारातली मोठी गुढी आजोबा किंवा बाबा उभारतात. घरातलं पाच वर्षांचं पोरगं मात्र शेजारी उभं राहून फक्त बघत असतं. फार तर गाठी हातात धरायला मिळते, तीही खाऊ नकोस या अटीवर. मग ते म्हणतं, मला माझी गुढी पाहिजे.

2025 ला पाडवा 30 मार्चला, रविवारी होता. जतच्या घरी माझ्या पाच वर्षांच्या भाचीनंही हाच हट्ट धरला. आम्ही स्टीलच्या ग्लासात काठी रोवली, वर संक्रांतीचं मातीचं बोळकं उपडं घातलं आणि गुढी खिडकीत ठेवली. दोन मिनिटांत ती आडवी झाली. "मावशी, गुढी झोपली," एवढंच ती म्हणाली, पण तोंड पार उतरलं होतं.

अशा वेळी आपण स्वतःच गुढी नीट करून देतो आणि मग ती लेकराची राहत नाही. त्यामुळे ती का पडली, हे आधी समजून घेऊ.

छोटी गुढी पडते का?

मोठी गुढी स्वतःच्या बळावर उभी नसते. तिची वेळूची काठी गच्चीच्या कठड्याला, खिडकीच्या गजाला किंवा पाटावर नीट बांधलेली असते. म्हणून तिच्या टोकावर तांब्याचा गडू, साडी, हार असं सगळं पेलतं. छोट्या गुढीला असा आधार नसतो. तिला एकटीला उभं राहायचं असतं.

आमच्या तीन चुका झाल्या होत्या. एक, बोळकं जड होतं आणि ते नेमकं सगळ्यात उंचावर होतं. दोन, ग्लास खाली निमुळता होता, म्हणजे उभं राहायला जागाच कमी. तीन, कापड आणि गाठी एकाच बाजूला लटकत होती, त्यामुळे गुढी तिकडे ओढली गेली.

म्हणजे वर हलकं, खाली जड आणि बूड रुंद पाहिजे. बुडाचं वजन वरच्या सगळ्या सामानाच्या चार-पाच पट असलं की काळजी नाही.

सामान काय लागतं?

बुडासाठी अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. तो बसका आणि रुंद असतो.

काठीसाठी जतकडं सोपी गोष्ट आहे, ती म्हणजे ज्वारीचं वाळलेलं धाट. इकडं रब्बी ज्वारी असते, पाडव्यापर्यंत काढणी उरकून कडबा रचलेला असतो. धाट हलकं असतं आणि आतून भुसभुशीत, त्यामुळे त्यात टाचणी किंवा काडी सहज घुसते. साधारण 35 सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षा थोडा मोठा तुकडा घ्या. त्याची पानं आणि साल मोठ्यांनीच काढायची, कारण वाळलेल्या सालीच्या कडा बोट कापतात. धाट मिळालं नाही तर वेळूची बारीक काठी चालते, फक्त टोक घासून बोथट करा.

कलशासाठी चहाचा कागदी कप घ्या. कापडासाठी शिंप्याकडून खणाचा साधारण 25 बाय 18 सेंटीमीटरचा तुकडा आणा. गुळगुळीत रेशमाच्या चुण्या लहान हातात टिकत नाहीत, सुती खणाच्या टिकतात.

बूड दोन दिवस आधी का करायचं?

माती भिजवून डब्यात दाबणं हे लेकराचं आवडतं काम. पण इथं एक गोची आहे. काळी माती वाळताना आकसते. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात डब्यातल्या मातीला कडेनं भेग पडली आणि धाट दातासारखं हलायला लागलं.

म्हणून निम्मी माती आणि निम्मी वाळू घ्या. पाणी एवढंच घाला की मुठीत दाबल्यावर लाडू वळेल, पण हाताला चिखल लागणार नाही. धाटाच्या खालच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ते ओल शोषून मऊ पडतं. धाट मधोमध डब्याच्या तळापर्यंत उभं धरा आणि लेकराला भोवतीनं माती दाबू द्या. वाळल्यावर फट दिसलीच तर त्यात बारीक खडे ठोका. तेही काम पोरांना जमतं.

लेकरानं काय करायचं आणि आपण काय?

पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना घट्ट गाठ मारता येत नाही. रबरबँडचे वेढे घालणं, चिमटा लावणं, रंगवणं मात्र येतं. त्यामुळे दोऱ्याऐवजी रबरबँड वापरा.

आदल्या संध्याकाळी कप रंगवून घ्या. चकचकीत कपावर पाण्याचा रंग धरत नाही, थेंब घरंगळतात. तसं झालं तर सोनेरी कागद चिकटवा.

कापडाच्या चुण्या कागदाच्या पंख्यासारख्या घालायच्या, एक घडी पुढं, एक मागं. साधारण बारा घड्या होतात. आपण कापड धरायचं, घड्या लेकरानं घालायच्या आणि वर कपड्यांचा चिमटा लावायचा.

पाडव्याच्या सकाळी क्रम असा ठेवा. आधी कापड रबरबँडनं टोकाशी बांधा आणि चिमटा काढा. मग कडुलिंबाची कोवळी डहाळी, आंब्याची दोन पानं आणि गाठी. डहाळी धुतल्यावर पूर्ण पुसून घ्या, कारण ओल्या पानांनी गाठीची साखर पाझरते आणि मुंग्या येतात. अख्खी गाठी जड होते, तीन-चार पदकांचा तुकडा पुरतो. तो कापडाच्या विरुद्ध बाजूला अडकवला की तोल सावरतो.

शेवटी कप उपडा घाला. वेडेवाकडे वेढे, निसटलेली घडी, सगळं त्याखाली झाकलं जातं. लेकरानं केलेलं काही सुधारायची गरजच उरत नाही.

आता परीक्षा. गुढीच्या टोकाला बोटानं हळूच ढकला. डोलून परत सरळ झाली तर जमलं. कलली आणि तशीच राहिली तर बुडाजवळ दोन खडे ठेवा किंवा गाठीतलं एक पदक कमी करा.

खायचं काय?

कडुलिंब, गूळ, ओवा, हिंग, चण्याची डाळ असा प्रसाद घरोघरी असतो. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या कानडी बोलणाऱ्या घरांत त्याच दिवशी युगादी असते आणि तिथं बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंब-गूळ देतात. लेकराला एक कोवळं पान गुळात लपेटून पुरे. गाठी मात्र बसवून आणि मोडून द्या. साखर दोऱ्यावर ओतलेली असते, त्यामुळे प्रत्येक पदकाच्या आत दोरा असतो. तो आधी काढून घ्या.

मोठी गुढी सूर्यास्ताच्या आधी उतरवतात, तेव्हाच छोटीही उतरवायची. हे सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी रडारड ठरलेली. आमच्याकडे भाचीनं हळदीकुंकू वाहिलं, कप काढला, गाठी तोंडात टाकली. खण धुवून कपाटात गेला आणि डबा मातीसकट पुढच्या पाडव्यासाठी माळ्यावर. त्यावर तिनं स्वतःचं नाव लिहून घेतलंय.