रुग्णसेवकांचे आरोग्य : लेखांक सातवा – कायद्याच्या आधी पोहोचणारे पत्र

यवतमाळ शहरातील एखाद्या खाजगी रुग्णालयात अस्थिरोग शस्त्रक्रियागृहात तैनात असलेली परिचारिका गर्भवती झाली, तर तिच्या प्रसूतितज्ज्ञाने अधिसेविकेला लिहावयाचे पत्र हे केवळ शिफारसपत्र नसून, कायद्याचे संरक्षण सुरू होण्यापूर्वीची रिकामी मुदत भरून काढणारे एकमेव साधन असते. हे का, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, तिची शेवटची पाळी १ जून रोजी आली. म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख ८ मार्च. गर्भवतीने विनंती केल्यास तिला श्रमाचे, दीर्घकाळ उभे राहण्याचे अथवा गर्भास बाधक ठरणारे काम देऊ नये, हा १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने घालून दिलेला व पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिलेला नियम, प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरच्या एका महिन्यापासून लागू होतो. आणि या हिशेबाने त्याचा अंमल आपल्या परिचारिकेसाठी २५ डिसेंबरला सुरू होईल. ती मात्र डॉक्टरांकडे आली आहे ७ ऑगस्टला, दहाव्या आठवड्यात. आणि रात्रपाळीची व किरणांची काळजी घ्यावयाची ती याच काळात.

रात्रपाळीविषयीचा आधार असा, की डेन्मार्कमधील बावीस हजारांहून अधिक गर्भवती कर्मचाऱ्यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन वा अधिक रात्री काम करणाऱ्यांमध्ये पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला आढळला. एखाद्या विशिष्ट रात्रीने विशिष्ट गर्भ गेला, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि रोस्टर बदलण्यास सबब म्हणून एवढे पुरेसे आहे.

किरणांची बाब निराळी, कारण तिला नियामकांची स्पष्ट मर्यादा आहे. गर्भधारणा कळविल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. गर्भाला इजा होण्यास साधारणतः याच्या शंभरपट मात्रा लागते असे मानले जाते, म्हणून पूर्वी झालेल्या कामाने घाबरून जाण्याचे कारण नाही; परंतु ‘कळविल्यापासून’ या शब्दात पत्राचे सारे महत्त्व साठले आहे, कारण लेखी कळविल्याविना ही मर्यादा लागू करणे रुग्णालयाला शक्यच नसते. मोडलेले हाड बसविताना सी-आर्म सुरू असतो, तेव्हा विखुरलेले किरण रुग्णाच्या शरीरातून बाहेर येतात, अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर उतरते, आणि शिशाचा एप्रन बहुतेक किरण अडवितो; तरीही गर्भवतीने त्या क्षणी खोलीबाहेर असणे हीच सर्वांत सोपी तजवीज होय.

याकरिता पत्रात ‘हलके काम द्यावे’ असे मोघम लिहून भागत नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येक इन्चार्ज सिस्टर आपापल्या परीने लावते, आणि अखेरीस ‘असे काम आमच्याकडे नाही, रजेवर जा’ असे उत्तर येते. ‘कामास अयोग्य’ हा शेराही तितकाच घातक. तो तिला बिनपगारी रजेवर ढकलतो. पत्राचा मजकूर साधारणतः असा असावा :

‘आपल्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका माझ्या देखरेखीखाली असून सध्या गर्भारपणाचा दहावा आठवडा सुरू आहे, प्रसूतीची अपेक्षित तारीख ८ मार्च. त्या कामास योग्य आहेत. आजपासून प्रसूतीरजेपर्यंत त्यांना रात्रपाळी देऊ नये. सी-आर्म अथवा फिरते एक्स-रे यंत्र चालू असताना त्यांना खोलीत थांबवू नये, तसेच एक्स-रे काढताना रुग्णाला धरून ठेवण्याचे काम देऊ नये. वॉर्डातील, बाह्यरुग्ण विभागातील व ड्रेसिंगचे काम दिवसपाळीत त्या करू शकतात. चार आठवड्यांनी फेरतपासणी करून आवश्यक तो बदल कळवीन.’

यात काय करू नये याइतकेच काय करता येते हेही आहे, आणि हाच भाग अधिसेविकेच्या सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण रोस्टरमधील रिकामी जागा तिला याच्या आधारे भरता येते. पूर्वीचे आजार किंवा तपासण्यांचे निकाल यात घालू नयेत. तो मजकूर रुग्णाचा असून दफ्तरात फिरण्यासाठी नाही. पत्र परिचारिकेच्या हाती द्यावे, तिने ते स्वतः सादर करून पोच घ्यावी, आणि एक प्रत किरण सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यावी, म्हणजे तिच्या टीएलडी बॅजच्या नोंदी यापुढे गर्भवतीच्या मर्यादेने तपासल्या जातील. ज्या रुग्णालयात तिला बॅजच दिलेला नाही, तेथे मोजमाप नाही म्हणजे किरण नाहीत, असा अर्थ काढू नये.

नकार आला तर तो लेखी मागावा आणि नवे पत्र लिहिण्यापूर्वी नेमकी अडचण काय ते विचारावे. बहुधा ती रात्रपाळीच्या मनुष्यबळाची असते, आणि एका सहकारिणीशी पाळी बदलून घेण्याची परवानगी मिळाली तर ती सुटते. किरणांच्या बाबतीत मात्र अशी तडजोड करता येत नाही; तेथे मंडळाची मर्यादा रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि डॉक्टरांनी पत्रात तिचा उल्लेख निःसंकोच करावा.

पुढील लेखांकात बॅजच्या त्रैमासिक अहवालाचे वाचन कसे करावे, ते पाहू.