चिकटवलेल्या लिंकमागचं चित्र

माझ्या मामांकडे 1921 सालचं एक मोडी पत्र आहे. मामेभावाने घरातल्या जुन्या कागदांचे फोटो एका छोट्याशा वेबसाइटवर चढवून ठेवलेत. मामांनी त्यातल्या पत्राची लिंक कॉपी केली, एका एआय चॅटमध्ये चिकटवली आणि हे पत्र कसलं आहे असं खाली विचारलं. लिंक साधारण अशी होती:

```
https://example.org/photos/modi-patra-1921.jpg
```

उत्तर लगेच आलं. पिवळा पडलेला कागद, काळ्या शाईतलं वळणदार मोडी अक्षर, वर इंग्रजी अमलातला शिक्का, मजकूर बहुधा जमिनीच्या व्यवहाराचा. मामा खूश झाले. मी तीच लिंक माझ्या फोनवर उघडली, तर समोर जेजुरीच्या पायऱ्यांवर बसलेली आमच्याच घरातली अकरा माणसं! फोटो चढवताना भावाकडून नावांची अदलाबदल झाली होती. त्या वर्णनातला एक शब्दही फोटोतून आलेला नव्हता. `modi`, `patra` आणि `1921` एवढ्यावरून ते सगळं रचलेलं होतं.

“अरे, पण लिंक दिली होती ना मी?” मामांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या बोटाला लिंक आणि फोटो यांत फरक जाणवतच नाही. टिचकी मारली की फोटो दिसतो. पण त्या टिचकीनंतरचं सगळं काम आपला ब्राउझर करतो. तो त्या पत्त्यावरच्या सर्व्हरला गाठतो, फाइल मागतो, आलेली फाइल उलगडून पडद्यावर मांडतो. मॉडेलच्या पोटात असा ब्राउझर नसतो.

आधी अपलोड केलेल्या फोटोचं काय होतं ते पाहू. फोनने काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे रंगाचे सुमारे एक कोटी वीस लाख ठिपके. अपलोड केलं की त्या फाइलचे सगळे बाइट सेवेच्या सर्व्हरवर पोहोचतात. ही खरंच चित्राची फाइल आहे ना, हे तिथला प्रोग्राम तपासतो; JPEG असेल तर तिची सुरुवातच `FF D8 FF` या तीन बाइटांनी होते. मग तो फोटो उलगडतो, फार मोठा असेल तर लहान करतो आणि त्याचे चौकोनी तुकडे पाडतो. 2020 साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘व्हिजन ट्रान्सफॉर्मर’ या पद्धतीत 224 × 224 पिक्सेलच्या चित्राचे 16 × 16 पिक्सेलचे चौकोन पाडले जात. एका ओळीत 14 आणि अशा 14 ओळी, म्हणजे 196 चौकोन. प्रत्येक चौकोनातल्या रंगांवरून आकड्यांची एक लांब यादी तयार होते आणि या याद्या आपल्या प्रश्नातल्या शब्दांबरोबर एकाच रांगेत बसतात. आजच्या मॉडेलांत चौकोनांची मापं आणि संख्या वेगळी असते, पण चित्र आत जाण्याची वाट साधारण अशीच. कागदाचा रंग, शाईचा डाग, पायरीवर बसलेली माणसं हे सगळं त्या आकड्यांत उतरलेलं असतं.

लिंकचं असं काहीच होत नाही. ती निव्वळ मजकूर म्हणून आत जाते. मजकुराचे आधी छोटे तुकडे होतात, त्यांना टोकन म्हणतात: `https` हा एखादा, `://` हा दुसरा, मग `example`, पुढे `photos`, असे मोजके तुकडे. मॉडेलला मिळतात ते हे तुकडे, बस. मॉडेल म्हणजे एक प्रचंड मोठं गणित आहे. रांगेत आलेले आकडे घ्यायचे आणि पुढचा तुकडा कोणता असावा याची शक्यता काढायची, एवढंच ते करतं. हे गणित चालू असताना इंटरनेटवर जाऊन काही आणायची सोय त्यात नसते. त्याने शिकताना लाखो लिंका आणि त्यांच्या आजूबाजूचा मजकूर पाहिलेला असतो. त्यामुळे `modi-patra` दिसलं की मोडी पत्राचं वर्णन सहज जुळून येतं. चित्र मिळालेलं नाही, हे सांगायला त्याला शिकवलेलं असतं. पण ते दर वेळी सांगेलच असं नाही, आणि फसगत होते ती इथेच.

काही सेवा लिंक उघडतात, हेही खरं. तिथे मॉडेलभोवतीचा वेगळा प्रोग्राम ते काम करतो. लिंक ओळखून तो फाइल आणतो, आणि ती चित्राची निघाली तर अपलोड केलेल्या फोटोसारखी चौकोन पाडून पुढे पाठवतो. पण सगळ्या सेवांत हा प्रोग्राम नसतो, असला तरी तो दर वेळी चालवला जात नाही, आणि कित्येकदा तो फक्त पानावरचा मजकूर आणतो, चित्रं सोडून देतो. सेवा चालवणारे इथे हात आखडता घेतात त्यालाही कारण आहे. कुणीही दिलेल्या पत्त्यावर सर्व्हर बिनदिक्कत जायला लागला, तर त्याला आतल्या, बाहेरच्यांसाठी बंद असलेल्या यंत्रांकडेही वळवता येतं. शिवाय पत्त्याच्या शेपटीला गुप्त माहिती जोडून ती बाहेर पळवता येते. म्हणून मोजक्याच ठिकाणी जायची परवानगी असते.

प्रोग्राम निघाला तरी तो पोहोचतोच असं नाही. गूगल ड्राइव्हवरून ‘शेअर’ करून मिळणारी लिंक बहुतेक वेळा अशी दिसते:

```
https://drive.google.com/file/d/.../view?usp=sharing
```

या पत्त्यावर फोटो नसतो, फोटो दाखवणारं एक पान असतं. त्यावर बटणं असतात, मेनू असतात. चित्राची फाइल असेल तर सर्व्हर उत्तरासोबत `image/jpeg` अशी खूण पाठवतो, पान असेल तर `text/html`. दुसरी अडचण परवानगीची. आपल्याला ते पान उघडतं कारण आपल्या ब्राउझरमध्ये आपण लॉग-इन केलेलं असतं. सेवेचा सर्व्हर तिथे अनोळखी पाहुणा म्हणून जातो, त्याला दारातच लॉग-इनचं पान मिळतं. हे घरबसल्या पडताळता येतं. तीच लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. लॉग-इन मागितलं, तर त्या प्रोग्रामलाही तेच मिळणार आहे.

उत्तर चित्र पाहून आलंय की अंदाजाने, हे ओळखायचा मार्ग सोपा आहे. लिंकच्या नावात किंवा तुमच्या प्रश्नात नसलेली, मोजता येईल अशी गोष्ट विचारा: फोटोत माणसं किती, कोपऱ्यातला डाग कोणत्या बाजूला आहे, कागदाला घड्या किती. उत्तर गुळमुळीत आलं किंवा साफ चुकलं, तर चित्र पोहोचलेलं नाही असंच धरून चाला. नावावरच्या उत्तरात ठसठशीत वाटणारे तपशील तेवढे असतात, जे अशा कोणत्याही पत्राला लागू पडतील. मामांना मिळालेलं उत्तर पुन्हा वाचा. त्यातली एकही गोष्ट त्यांच्याच पत्राची म्हणता येत नाही.

म्हणून फोटो आधी आपल्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्या आणि फाइल म्हणूनच जोडा. जोडण्याआधी तिचं नाव बदलून `1.jpg` असं काहीतरी करा, कारण काही सेवा फाइलचं नावही मॉडेलला देतात आणि अंदाजाला पुन्हा वाट मिळते. बारीक अक्षरांचा कागद असेल तर हव्या त्या भागाचा जवळून फोटो घ्या. मोठा फोटो आत लहान केला जातो आणि अक्षरं पुसट होतात.

मामांनी नंतर पत्राचा खरा फोटो तसाच जोडला. वर्णनात शिक्का नव्हता, कारण पत्रावर शिक्का नाहीच. डाव्या कडेचा तेलाचा डाग आणि मधली फाटलेली घडी मात्र त्यात आली. पत्राचा मजकूर वाचून घ्यायला मामा मोडी जाणणाऱ्या माणसाकडेच गेले.