पंच्याहत्तर सेकंदांचा हिशेब

भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या शेडमध्ये पाच-सहा माणसं टेबलांना टेबलं लावून एक्झॉस्ट फॅन जोडतात, अशी कल्पना करा. पहिला फ्रेमवर मोटर बसवतो, दुसरा वायरिंग करतो, तिसरा पाती चढवतो, चौथा जाळी लावतो आणि पाचवा टेस्टिंग करून फॅन खोक्यात भरतो. सगळे दिवसभर राबतात, तरी संध्याकाळी टार्गेट अपुरंच. मालक म्हणतो, हात चालवा. पण हात चालवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो मुळात कामाच्या वाटणीचा असतो.

सुरुवात गिऱ्हाईकापासून करायची. समजा, महिन्याला नऊ हजार फॅन हवे आहेत आणि कामाचे दिवस पंचवीस आहेत. म्हणजे रोजचे 360. शिफ्ट साडेआठ तासांची, 510 मिनिटांची. त्यातून जेवणाची अर्धा तास, दोन चहांची वीस मिनिटं आणि सकाळची सूचना-साफसफाईची दहा मिनिटं वजा केली की 450 मिनिटं, म्हणजे 27,000 सेकंद हातात राहतात. त्याला 360 ने भागलं की 75 येतात. दर 75 सेकंदांना एक तयार फॅन लाइनवरून उतरायला हवा. हाच टॅक्ट टाइम.

इथे एक मोह हमखास होतो. मशीन बिघडतं, माल परत येतो, म्हणून त्यासाठीही तासभर आधीच वजा करून ठेवावा असं वाटतं. तसं करू नये. ठरलेल्या सुट्ट्या तेवढ्याच वजा करायच्या. बिघाडाचा वेळ या आकड्यात मुरवला की बिघाड दिसेनासा होतो आणि मग त्याचं कारण कोणी शोधत नाही. त्याची सोय टॅक्टपेक्षा थोडं कमी वेळेचं काम प्रत्येक स्टेशनला देऊन करायची.

आता स्टॉपवॉच हातात घ्यायचं. प्रत्येक स्टेशनवर निदान दहा वेळा वेळ मोजायची, आणि त्यातली सर्वांत कमी वेळ न धरता नेहमी लागणारी वेळ धरायची. कामगाराला आधी सांगून मोजायचं. चोरून मोजलेली वेळ कोणालाच पटत नाही. आपल्या उदाहरणात पाच स्टेशनांना अनुक्रमे 52, 94, 58, 41 आणि 70 सेकंद लागतात असं धरू. बेरीज 315. तिला 75 ने भागल्यावर 4.2 येतात, म्हणजे पाच माणसं लागणारच आणि पाच पुरेशीही आहेत. तरीही वायरिंगला 94 सेकंद लागत असल्यामुळे लाइन दिवसाला 287 च्या वर जाऊच शकत नाही. बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी वायरिंगच्या टेबलासमोर अर्धवट फ्रेमांची थप्पी वाढते आणि पुढचा माणूस रिकाम्या हातांनी वाट बघतो. लाइन कुठे अडली आहे हे पाहायला ही थप्पी पुरते, त्यासाठी कागद लागत नाही.

अशा वेळी वायरिंगवर दुसरा माणूस बसवावासा वाटतो. त्याआधी ते 94 सेकंद उलगडून पाहायचे. कपॅसिटरची पट्टी स्क्रूने बसवायला 20, वायरी जोडायला 48, अर्थिंगला 10 आणि झाकण लावून वायर बांधायला 16. पट्टी वायरी जोडण्याआधीच बसवता येते, म्हणून ती पहिल्या स्टेशनला दिली. मोटरचं झाकण बाहेरच्या बाजूला असल्याने वायरिंग झाल्यावर केव्हाही लावता येतं. ते काम जाळीवाल्याकडे गेलं. नवी वाटणी अशी: 72, 58, 58, 57 आणि 70. पाच माणसं तीच, पण कागदावर 375 फॅनची सोय झाली. अर्थिंग मात्र हलवलं नाही; सुरक्षेची जोडणी वायरी जोडणाऱ्याच्याच हाती राहिलेली बरी.

तरीही पहिलं स्टेशन 72 वर आहे, काठाशी. एखादा बोल्ट आडवा गेला की तीन सेकंदांची सवड तिथेच संपते. म्हणून बोल्टची पेटी हाताशी आणणं, वाकावं लागणार नाही इतकं टेबल उंच करणं ही पुढची कामं. 1914 मध्ये फोर्डच्या कारखान्यात मॅग्नेटोच्या जोडणीची लाइन आठ इंचांनी उंच केल्यावर 13 मिनिटं 10 सेकंदांचं काम सात मिनिटांवर आलं होतं.

आणि हा हिशेब कायमचा नसतो. सणासुदीत रोजची मागणी 450 वर गेली की टॅक्ट 60 सेकंदांवर येतो आणि पाचाऐवजी सहा माणसं लागतात. ती 270 वर उतरली की 100 सेकंद मिळतात आणि चौघांत भागतं. म्हणून मागणीचा आकडा बदलला की वाटणी नव्याने मांडावी, आणि ती मांडताना त्या टेबलावर रोज काम करणाऱ्याला सोबत घ्यावं.