पाच मिनिटं आणि पंचवीस व्हिडिओ

ग्राहकाला सॉफ्टवेअरमधली एखादी पायरी फोनवर समजावत बसण्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्ड करून तिची लिंक पाठवणं सोपं जातं. या कामासाठी लूम हे साधन बरंच वापरलं जातं. 2023 साली ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते विकत घ्यायचं जाहीर केलं. त्याच्या मोफत योजनेला दोन कुंपणं आहेत: एक रेकॉर्डिंग जास्तीत जास्त पाच मिनिटांचं, आणि खात्यात माणशी पंचवीसच व्हिडिओ.

पाच मिनिटांची अट आधी बोचते, पण खरी अडवते ती पंचविसाची. हिशेब करून पाहा. प्रत्येक व्हिडिओ पूर्ण पाच मिनिटांचा केला, तर एकूण 125 मिनिटं मिळतात. मिनिट-मिनिटाचे केले, तर फक्त 25. म्हणजे इथे मोजणी वेळेची नसून नगांची आहे. जीएसटीचं विवरणपत्र भरण्याची पद्धत बारा मिनिटांत दाखवायची असेल, तर तिचे तीन तुकडे करावे लागतात आणि पंचविसातले तीन नग एकाच विषयावर खर्ची पडतात. असे आठ विषय झाले की चोवीस जागा भरल्या.

मग जुने व्हिडिओ काढून टाकावेसे वाटतात. इथे जपावं लागतं, कारण आपण ग्राहकाला फाइल पाठवलेली नसते, लिंक पाठवलेली असते. व्हिडिओ गेला की त्याच्या जुन्या ईमेलमधली लिंकही निकामी होते. म्हणून ‘आज एवढंच बघा’ छापाचे व्हिडिओ आधी काढावेत आणि पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे ठेवावेत.

पैसे भरून घेतलेल्या योजनेत या दोन्ही मर्यादा उठतात आणि प्रेक्षकांची माहितीही अधिक तपशिलात मिळते. शुल्क रेकॉर्ड करणाऱ्यांच्या संख्येवर असतं, बघणाऱ्याला काही पडत नाही. त्यामुळे दहाजणांच्या कार्यालयात दोघेच रेकॉर्ड करत असतील, तर दहाजणांचे पैसे भरायचं कारण नाही.

प्रेक्षकांचे आकडे मात्र जपून वाचावेत. समजा, व्हिडिओ पाचजणांनी उघडला आणि सरासरी 60 टक्के पाहिला गेला. तिघांनी शेवटपर्यंत पाहिला आणि दोघांनी उघडताक्षणी बंद केला, तरी सरासरी तेवढीच येते. पाचही जण निम्म्याच्या थोडं पुढे कंटाळले, तरीही तेवढीच. पहिल्या बाबतीत त्या दोघांना फोन करायचा, दुसऱ्या बाबतीत व्हिडिओच नव्याने करायचा. लॉगिन न करता पाहणाऱ्याचं नावही दिसत नाही, त्यामुळे लिंक पुढे पाठवली गेली असेल तर नेमकं कोणी पाहिलं ते कळत नाही.

योजना निवडण्याआधी गेल्या महिन्यात पाठवलेले व्हिडिओ मोजा आणि त्यांतले किती अजून कुणाला लागतात ते पाहा. हा दुसरा आकडा पंचविसाच्या आत राहत असेल आणि पाच मिनिटांत काम भागत असेल, तर मोफत योजना पुरेशी आहे.