न कमावलेली शून्ये

अनुमापनाच्या प्रयोगवहीत शेवटच्या पानावर 'त्रुटींची कारणे' असा एक मथळा असतो. त्याखाली बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: 'मानवी चुकीमुळे उत्तरात फरक पडला.' ही ओळ कुठल्याही प्रयोगाखाली खपून जाते आणि म्हणूनच समोरच्या प्रयोगाबद्दल काहीच सांगत नाही. खरे तर चूक कुठे झाली असावी याचा माग वहीतल्याच आकड्यांत लागतो. त्यासाठी ते आकडे नीट वाचावे मात्र लागतात.

पदवीच्या पहिल्या वर्षाला नेहमी होणारा प्रयोग घेऊ: बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल किती आहे ते मोजणे. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण प्रयोगशाळेत रोज दिसतात त्याच जातीचे आहेत. बाटलीच्या लेबलवर ४ टक्के लिहिले आहे, म्हणजे १०० मिली व्हिनेगरमध्ये ४ ग्रॅम आम्ल. विद्यार्थिनी पिपेटने १०.०० मिली व्हिनेगर घेते आणि प्रमाणित फ्लास्कमध्ये पाणी घालून ते १०० मिली करते. त्यातले २५.०० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये घेऊन दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाकते. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आहे. ४.० ग्रॅम गोळ्या तोलून, एक लिटर पाण्यात विरघळवून ते तिने स्वतःच तयार केले आणि बाटलीवर '०.१००० मोलर' अशी चिठ्ठी चिकटवली.

पायलट रीडिंग घेऊन झाल्यावर तिला तीन रीडिंग मिळाली: १७.३०, १७.३५ आणि १७.३५ मिली. सरासरी १७.३३. फिका गुलाबी रंग तिन्ही वेळा जवळजवळ त्याच जागी आला. हिशेब केला तेव्हा कॅल्क्युलेटरने ४.१६२६६६ टक्के दाखवले. लेबलच्या ४ टक्क्यांशी तुलना केली तर शेकडा त्रुटी ४.०६६६५. दोन्ही आकडे तिने जसेच्या तसे वहीत उतरवले आणि खाली मानवी चुकीची ओळ लिहिली.

पहिला प्रश्न त्या लांबलचक आकड्यांचाच आहे. मोजमापातला प्रत्येक अंक कुठल्या तरी उपकरणाने दिलेला असावा लागतो. ५० मिलीच्या नेहमीच्या ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असतात आणि दोन खुणांमधला अर्धा भाग डोळ्यांनी ओळखता येतो. म्हणून १७.३५ मधला शेवटचा पाच अंदाजाचा आहे, पण तो अंदाज खुणा पाहून केलेला आहे. असे चार सार्थ अंक ब्युरेटने दिले. गोळ्या मात्र ४.० ग्रॅम तोलल्या, तिथे सार्थ अंक दोनच. चाळीसने भागल्यावर मिळणारी संहती ०.१० मोलर आहे. चिठ्ठीवरच्या ०.१००० मधली शेवटची दोन शून्ये कुठल्याही तराजूने दिलेली नाहीत.

गुणाकार-भागाकाराचे उत्तर साखळीतल्या सर्वांत कमी सार्थ अंकांच्या मोजमापाइतकेच खात्रीचे असते. त्यामुळे एवढ्या माहितीवर विद्यार्थिनीला फक्त '४.२ टक्के' लिहिण्याचा हक्क आहे. मधल्या पायऱ्यांत जास्तीचे अंक ठेवावेत आणि शेवटी एकदाच पूर्णांकन करावे, नाहीतर पूर्णांकनाचीच नवी त्रुटी शिरते. शेकडा त्रुटीचे तर आणखी कडक आहे. तिच्यासाठी आधी वजाबाकी होते: ४.१६ वजा ४.००, म्हणजे ०.१६. तीन अंकांच्या दोन संख्या वजा केल्या आणि हाती जेमतेम दोन अंक उरले. मग ४.०६६६५ मधल्या दशांशानंतरच्या गर्दीला अर्थ कुठून येणार? 'सुमारे ४ टक्के, आणि जास्तीच्या बाजूला' एवढेच लिहिणे योग्य. यातला 'जास्तीच्या बाजूला' हा भाग वहीत सहसा गाळला जातो, आणि पुढचा तपास त्याच्याच आधाराने करायचा असतो.

आता त्या चार टक्क्यांची मानवी चुकीशी गाठ घालून पाहू. ब्युरेटच्या टोकावरून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. १७.३३ मिलीत एक थेंब म्हणजे ०.३ टक्के. द्रावण खरोखर ०.१००० मोलर असते आणि व्हिनेगर नेमके ४.०० टक्के असते, तर रीडिंग १६.६५ मिली यायला हवे होते. फरक ०.६८ मिलीचा आहे, म्हणजे तेरा-चौदा थेंबांचा. एवढे थेंब जास्त पडले असते तर फ्लास्कमधला फिका गुलाबी रंग भडक झाला असता. शिवाय तिन्ही फ्लास्कमध्ये तेवढेच थेंब जास्त पडायला हवेत. नजर वरखाली झाल्याने किंवा थेंब उशिरा थांबवल्याने हे घडणार नाही.

अशा वरखाली होणाऱ्या चुकांना यादृच्छिक त्रुटी म्हणतात. त्या कधी जास्तीकडे झुकतात, कधी कमीकडे, आणि रीडिंगांमधल्या आपसातल्या फरकात दिसतात. इथे तो फरक ०.०५ मिली, म्हणजे एका थेंबाचाच आहे. जास्त रीडिंग घेतली की सरासरीत या त्रुटी बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. दुसऱ्या जातीची त्रुटी पद्धतशीर असते. ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला ओढते, शंभर रीडिंग घेतली तरी सरासरीत तशीच राहते आणि रीडिंगांच्या आपसातल्या फरकात कधीच दिसत नाही. आपल्याकडे बारावीपासून सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, मिळवण्यावर सगळा भर असतो. रीडिंग जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असा समज तिथूनच पक्का होतो. जुळलेली रीडिंग हात स्थिर असल्याची साक्ष देतात, बाटलीतल्या द्रावणाची देत नाहीत. या एका गैरसमजापायी कितीतरी चांगले प्रयोग अर्धवट वाचले जातात.

म्हणजे शोध पद्धतशीर कारणाचा घ्यायचा, आणि असे कारण की जे उत्तर वर ढकलते. इथे दिशा कामी येते. पिपेट व्हिनेगरने न विसळता पाण्याने ओली ठेवली असती तर आम्ल पातळ होऊन उत्तर कमी आले असते, म्हणून ते कारण बाद. कॉनिकल फ्लास्क पाण्याने ओला असला तर काहीच बिघडत नाही, कारण आत पडलेल्या आम्लाचे प्रमाण तेवढेच राहते. उत्तर वाढवणारी दोन कारणे शिल्लक उरतात: अंत्यबिंदू दर वेळी उशिरा ओळखला जाणे, किंवा सोडियम हायड्रॉक्साइड चिठ्ठीवर लिहिले आहे त्याहून सौम्य असणे.

या दोघांतला खरा दोषी ओळखायला फार सोपी चाचणी आहे. २५ ऐवजी १० मिली पातळ केलेले व्हिनेगर घेऊन अनुमापन करायचे. दर वेळी ठरावीक ०.६८ मिली जास्त पडत असतील, तर ६.६६ मिलीच्या जागी ७.३४ मिली लागतील आणि त्रुटी चारवरून दहा टक्क्यांवर उडी घेईल. द्रावणच सौम्य असेल तर रीडिंग त्याच प्रमाणात घटेल आणि त्रुटी चार टक्क्यांच्या आसपासच राहील. विद्यार्थिनीला रीडिंग मिळते ६.९५ मिली. हिशेब पुन्हा ४.१७ टक्क्यांवर येतो. संशय आता सरळ बाटलीवर जातो.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतली वाफ झपाट्याने शोषतात. तराजूवर असतानाच त्या चकाकू आणि चिकटू लागतात, म्हणून तोललेल्या ४.० ग्रॅममध्ये काही भाग पाण्याचाच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या घेतात आणि थोडा अल्कली सोडियम कार्बोनेट होतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ८.२ ते १० या पीएचदरम्यान बदलतो. तिथवर कार्बोनेटची आम्लाशी प्रक्रिया बायकार्बोनेटपर्यंत, म्हणजे अर्धीच झालेली असते. हवेने खाल्लेल्या अल्कलीचा निम्मा भाग अशा रीतीने हिशेबातून निसटतो. दोन्ही गोष्टींमुळे द्रावण सौम्य ठरते, जास्त मिली लागतात आणि व्हिनेगर आहे त्याहून तीव्र वाटते. दर्शक बदलून मिथिल ऑरेंज वापरणे हा उपाय नव्हे. त्याचा रंग ४.४ पीएचच्या आतच बदलतो, आणि तोवर ॲसिटिक आम्लाचा एक तृतीयांश भागही उदासीन झालेला नसतो.

उपाय म्हणजे द्रावणाची संहती तोलून न ठरवता मोजून ठरवणे. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक हवेत स्थिर राहतात आणि नेमके तोलता येतात. विद्यार्थिनी १.५७६ ग्रॅम स्फटिक २५० मिली पाण्यात विरघळवते, त्याने ०.०५०० मोलर द्रावण तयार होते. त्यातल्या २५.०० मिलीला तिच्या अल्कलीचे २५.९० मिली लागतात. संहती निघते ०.०९६५ मोलर, म्हणजे चिठ्ठीपेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी. जुन्या तीन रीडिंगांना हात न लावता फक्त हा आकडा हिशेबात घातला की व्हिनेगरमधले आम्ल येते ४.०२ टक्के.

या पायरीत आणखी एक फायदा आहे, तो क्वचितच सांगितला जातो. बी वर्गाच्या २५ मिली पिपेटला ०.०६ मिलीपर्यंत फरकाची मुभा असते. तीच पिपेट ऑक्झॅलिक आम्लासाठी आणि व्हिनेगरसाठी वापरली, तर तिच्यातली खोट हिशेबात एकदा वर आणि एकदा खाली येते आणि कटून जाते. दुसरी पिपेट घेतली की हा फायदा गेला. पहिल्यांदा व्हिनेगर घेतलेल्या १० मिली पिपेटची खोट मात्र कटत नाही. तिची मुभा ०.०४ मिली आहे, म्हणजे ०.४ टक्के. त्यात दोन्ही अनुमापनांतला एकेक थेंब धरला तर एकूण अनिश्चितता अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते. ती मिळवून वहीत उत्तर लिहायचे: ४.०२ ± ०.०२ टक्के.

आणि शेकडा त्रुटी? लेबलशी तुलना केली तर ती आता अर्ध्या टक्क्यावर येते. पण लेबल हे खरे मूल्य नव्हे. भारतीय अन्नमानकानुसार व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते. लेबलवरचा '४ टक्के' हा एका सार्थ अंकाचा आकडा उत्पादकाने छापलेला आहे, बाटलीगणिक मोजलेला नाही. म्हणून शेकडा त्रुटीशेजारी ती कशाच्या तुलनेत काढली हे लिहिणे गरजेचे आहे. या वहीतला उरलेला अर्धा टक्का मोजणीच्या स्वतःच्या अनिश्चिततेएवढाच आहे, त्यामुळे एवढ्या पुराव्यावर लेबल चुकीचे आहे असेही म्हणता येत नाही आणि विद्यार्थिनी चुकली असेही म्हणता येत नाही.