माणशी पाच हजार, पण कोणाला?

चाकणच्या एका दोनशे कामगारांच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. वर्षाचं प्रशिक्षणाचं बजेट 10 लाख, म्हणजे माणशी 5,000. उत्पादन विभागात 140 माणसं, त्यांना 7 लाख मिळाले. मेंटेनन्सच्या तिसांना दीड लाख. कागदावर न्याय्य वाटतं. पण मेंटेनन्सच्या तिघांना पीएलसीचा बाहेरचा कोर्स हवा आहे. फी 40,000, प्रवास-मुक्काम 8,000. तिघांचे 1,44,000 झाले आणि उरलेल्या सत्तावीस जणांसाठी राहिले फक्त सहा हजार!

उत्पादनाचं गणित वेगळं. तिथे प्रशिक्षक कारखान्यातच बोलावतात. दिवसाचे 30,000 घेऊन तो पंचवीस जणांना शिकवतो, म्हणजे माणशी 1,200.

म्हणून माझ्या मते माणशी रक्कम 3,000 वर आणावी आणि उरलेले 4 लाख बाहेरच्या कोर्सेससाठी एकत्र ठेवावेत. त्यातून पैसे मागताना विभागप्रमुखाने कोणतं काम अडलंय ते लिहून द्यावं. ही विभागणी बिघडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतं: पैसे परत जाऊ नयेत म्हणून घाईने सेमिनार भरतात, आणि हजेरीपटावर शिफ्टमधून सुटू शकलेल्यांचीच नावं असतात.